चेहरा एकदाच काढायचा

कोल्हापूरजवळ कांदा-लसूण मसाला करणाऱ्या एका काकूंचं चित्र मी फोटोवरून काढलं, ते घरात सगळ्यांना पसंत पडलं. मोठं गोल कुंकू, जाड काड्यांचा चष्मा, भांगाच्या डाव्या बाजूला पांढऱ्या केसांची एक बट, हिरवी साडी. सपाट रंग, सावल्यांची कटकट नाही. ते पाऊचवर छापलं गेलं. पुढच्या आठ महिन्यांत त्याच काकू मी आणखी पाच वेळा काढल्या. एकदा कढईसमोर, एकदा हात जोडून, एकदा खलबत्ता घेऊन, अशा. दर वेळी जुनं चित्र शेजारी उघडं ठेवायचं आणि नवं कोऱ्या पानावर काढायचं, अशी माझी पद्धत होती. दिवाळीच्या फराळाचा बॉक्स छापून आला. काकूंनी तो लांब धरून पाहिला आणि विचारलं, "ही कोण? माझी धाकटी जाऊ वाटतीया."

मी घरी येऊन सहाही चित्रांतली डोकी एकाच मापाची केली, निम्मी पारदर्शक केली आणि एकावर एक ठेवली. हनुवटी चित्रागणिक थोडी थोडी निमुळती होत गेली होती. भुवया वर सरकल्या होत्या. चष्मा लहान झाला होता. शेजारच्या दोन चित्रांत फरक म्हणावा तर जेमतेम होता, पण पहिलं आणि सहावं समोरासमोर ठेवल्यावर दोन वेगळ्या बायका दिसत होत्या. आणि सगळे बदल एकाच दिशेने गेले होते. माझ्या हाताला जो चेहरा काढायची सवय आहे, त्या चेहऱ्याकडे काकू सरकत गेल्या होत्या.

ही पुस्तिका त्या बॉक्समुळे लिहिली. छोट्या धंद्याच्या मालकाचा फोटो घेऊन त्यातून सपाट वेक्टर चित्र कसं करायचं, आणि त्यात दहाव्या, पन्नासाव्या वेळीही तोच माणूस कसा राहील, एवढाच तिचा विषय आहे. तिच्यातली जवळजवळ प्रत्येक सूचना एका नियमातून निघते: चेहरा एकदाच काढायचा, नंतर तो फक्त जोडायचा.

कल्पनेतल्या पात्राला ही अडचण इतकी जाचत नाही. आर. के. लक्ष्मण यांनी 1954 साली एशियन पेंट्ससाठी गट्टू काढला, 1966 साली अमूलची मुलगी आली. दोघांनाही खरा, चालताबोलता मालक नव्हता. गट्टू गट्टूसारखा दिसत नाही, असं म्हणायला शेजारीपाजारी कुणी नव्हतं. मालकाच्या चेहऱ्याचं तसं नाही. त्याच्या घरची माणसं, त्याचा किराणा दुकानदार, त्याच्याकडून वीस वर्षं माल घेणारी गिऱ्हाइकं रोज तो खरा चेहरा पाहत असतात. अमेरिकेत हार्लंड सँडर्स यांच्या चेहऱ्यावर केएफसीचं चिन्ह उभं आहे. सँडर्स 1980 साली गेले. 2006 साली चिन्हातल्या त्यांच्या अंगावरचा पांढरा कोट काढून लाल एप्रन घातला, तरी कुणाला वेगळा माणूस वाटला नाही. चष्मा, बोकडदाढी आणि गळ्यातला बो जागच्या जागी होता. कपडे बदलता येतात. कोणत्या गोष्टी बदलायच्या नाहीत हे मात्र आधीच ठरलेलं असावं लागतं, आणि ते ठरतं फोटोपासून.

बहुतेक मालक व्हॉट्सॲपवर सेल्फी पाठवतात. त्यावरून काम सुरू करू नये. हात लांब करून काढलेल्या फोटोत नाक कॅमेऱ्याच्या फार जवळ येतं आणि कान लांब जातात. म्हणून नाक फुगतं, चेहरा निमुळता होतो, कान जवळजवळ नाहीसे होतात. 2018 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हिशेब मांडला होता: सुमारे 30 सेंटिमीटरवरून काढलेल्या फोटोत नाक दीड मीटरवरून काढलेल्या फोटोपेक्षा जवळपास 30 टक्के रुंद दिसतं. आपण चित्रात प्रमाणंच टिपणार असतो, त्यामुळे ही चूक पुढे प्रत्येक पाऊचवर जाते. दीड-दोन मीटर लांब उभं राहावं, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर धरावा, फोनवर दुपटीचं झूम घ्यावं, चेहरा उजळ करणारा फिल्टर बंद करावा. समोरून एक, अर्धवट वळून एक, बाजूने एक, असे तीन फोटो पुरतात. ऊन तोंडावर नको. दारात, सावलीत उभं केलं की चेहऱ्याचा आकार दिसतो, नाहीतर सावल्यांचाच आकार दिसत राहतो.

सेल्फीत आणखी एक घात असतो. पुष्कळ फोन समोरच्या कॅमेऱ्याचा फोटो आरशासारखा उलटा साठवतात. चित्र काढणाऱ्याला माणूस माहीत नसतो, त्यामुळे ते कळत नाही. बाईंचा फोटो असेल तर मी आधी पदर पाहतो. आपल्याकडच्या नेहमीच्या नेसण्यात पदर डाव्या खांद्यावर येतो आणि नथ किंवा चमकी डाव्या नाकपुडीत असते. फोटोत दोन्ही बाईंच्या स्वतःच्या उजव्या बाजूला दिसली, तर फोटो उलटा आहे असं समजावं. मागे कॅलेंडर असेल तर तारखा वाचून पाहाव्यात. काकूंची पांढरी बट डावीकडची. ती उजवीकडे गेली असती तर घरच्यांना काहीतरी चुकलंय एवढं जाणवलं असतं, काय ते सांगता आलं नसतं. अशा तक्रारी सोडवायला सगळ्यात कठीण.

आता साम्य नेमकं कशात असतं ते पाहू. माझं बरंच कष्टाचं शिक्षण इथे झालं. नवखा माणूस फोटोतलं सगळं काढायला जातो: नाकाची कड, ओठांची वळणं, गालावरची रेघ. सगळं बरोबर येतं आणि माणूस मात्र कुणीतरी दुसराच दिसतो. सुझन ब्रेनन यांनी 1980च्या दशकाच्या सुरुवातीला एमआयटीत व्यंगचित्र काढणारा संगणकीय कार्यक्रम तयार केला, त्यातली कल्पना फार उपयोगाची आहे. आधी एक सरासरी चेहरा घ्यायचा. समोरचा माणूस त्या सरासरीपासून कुठे आणि किती वेगळा आहे ते मोजायचं आणि तो फरक वाढवायचा. ओळख त्या फरकात असते.

मी हे कागदावर असं करतो. माझ्या नेहमीच्या साच्यात डोकं टाळूपासून हनुवटीपर्यंत 120 घरं उंच आणि 90 घरं रुंद असतं. डोळ्यांची रेघ बरोबर मध्यावर, म्हणजे 60 वर. (डोळे मध्यावर असतात यावर नवख्यांचा विश्वास बसत नाही. केस विसरून ते डोळे वर काढतात आणि कपाळ हरवून बसतात.) भुवई आणि डोळा यांच्यात 12 घरांचं अंतर. मग काकूंचा दोन मीटरवरून काढलेला फोटो याच उंचीला आणला आणि मोजला. रुंदी 102 भरली, भुवई ते डोळा फक्त 7. बाकी नाक, ओठ, कान माझ्या साच्याच्या आसपासच होते. म्हणजे या चेहऱ्यात दोनच गोष्टी सांगण्यासारख्या होत्या: तो रुंद आहे, आणि भुवया डोळ्यांवर टेकल्या आहेत.

फरक दीडपट केला. रुंदीतला 12 चा फरक 18 झाला, म्हणजे डोकं 108 रुंद. भुवईतला 5 चा फरक साडेसात झाला, म्हणजे अंतर उरलं साडेचार घरं. भुवया चष्म्याच्या वरच्या काडीला जवळजवळ लागल्या आणि त्या क्षणी पडद्यावर काकू आल्या. फरक दुप्पट करून पाहिला तेव्हा डोकं 114 झालं, भाकरीसारखं गोल. ते व्यंगचित्र होतं, आणि धंद्याच्या मालकिणीला तिच्याच पाकिटावर हसण्याचा अधिकार मला कुणी दिलेला नव्हता. माझ्या अनुभवात दीडपट ही बहुतेक चेहऱ्यांना सोसणारी मर्यादा आहे. आणि जे साच्यासारखंच आहे ते कमीत कमी काढावं. काकूंचं नाक म्हणजे एक छोटी वळणदार रेघ आहे, बस.

भुवयांवर इतका भर का, असं मला विचारतात. एमआयटीतच 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नामवंतांच्या फोटोंतले डोळे पुसले, नंतर फक्त भुवया पुसल्या. लोकांना भुवया नसलेले चेहरे ओळखणं जास्त जड गेलं. सपाट चित्रात तर भुवई हा चेहऱ्यावरचा सगळ्यात गडद, सगळ्यात स्वच्छ आकार असतो. तिचा कोन थोडा फिरला तरी माणूस चिडतो, घाबरतो किंवा दुसराच होतो. माझ्या त्या सहा चित्रांत भुवया वर सरकल्या होत्या. जाऊबाई तिथूनच आत आल्या.

काढायचं कसं, यावर पुस्तिकेत बरीच पानं आहेत, म्हणून इथे एकच गोष्ट सांगतो. फोटो टाकून आपोआप वेक्टर करून देणारं बटण बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये आहे. इंकस्केपमध्ये ते `Trace Bitmap` आणि इलस्ट्रेटरमध्ये `Image Trace` या नावाने दिसतं. लोगोची जुनी स्वच्छ छपाई वेक्टर करायला ते उत्तम आहे. चेहऱ्याच्या फोटोवर चालवलं तर ते उजेड-सावलीच्या कडा टिपतं, चेहऱ्याच्या नव्हे. काकूंच्या फोटोवर मी ते चालवून पाहिलं तेव्हा हनुवटीखालची सावली, मान आणि केस मिळून एकच काळा डाग झाला. शेकडो नोड तयार झाले आणि त्यातला एकही भाग "ही भुवई" म्हणून वेगळा उचलता येईना. हाताने काढलेलं माझं पूर्ण डोकं साधारण 70 नोडमध्ये बसतं. चेहऱ्याच्या कडेला तर चारच लागतात: सगळ्यात वर, सगळ्यात खाली, डावीकडे आणि उजवीकडे एकेक, त्यांचे हात सरळ आडवे किंवा उभे. असा आकार रुंद करायचा झाला तर दोन नोड बाजूला ओढले की काम होतं. पंचवीस नोडच्या आकाराला हात लावला की पोचे पडतात.

डोकं एकदा जमलं की त्याचं मॉडेल शीट करायचं. ॲनिमेशनच्या स्टुडिओंमध्ये ही जुनी रीत आहे, कारण तिथे एकच पात्र कितीतरी हातांनी काढायचं असतं. आपल्याकडे हात एकच असतो, पण वर्षाच्या अंतराने तो वेगळाच झालेला असतो. शीटवर डोकं, धड, दोन हात, चार तोंडं, भुवयांच्या तीन जागा, आणि प्रत्येक माप आकड्यात. यापुढे कोऱ्या पानावर काहीही काढायचं नाही. डोकं फाइलमध्ये एकाच ठिकाणी राहील आणि बाकी सगळीकडे त्याचा नुसता उल्लेख येईल अशी सोय करायची. एसव्हीजीमध्ये ती अशी दिसते:

```svg
<symbol id="doke" viewBox="0 0 120 120">
  <!-- चेहरा, केस, कुंकू, चष्मा -->
</symbol>
<use href="#doke" x="60" y="20" width="120" height="120"/>
<use href="#doke" x="300" y="40" width="60" height="60"/>
```

वरच्या एका जागी कुंकू बदललं की खाली दोन्हीकडे बदलतं. इंकस्केपमध्ये हेच काम क्लोन करतो, इलस्ट्रेटरमध्ये सिम्बॉल. फायदा नुसता वेळेचा नाही. क्लोनचे नोड आपण चुकूनही हलवू शकत नाही, आणि मला स्वतःच्या हातापासून तेवढंच संरक्षण हवं होतं.

मग हसू कसं आणायचं? डोकं तेच ठेवून त्यावर तोंडाचा वेगळा तुकडा बसवायचा आणि भुवया शीटवरच्या तीनपैकी एका जागी न्यायच्या. कुंकू, चष्मा, बट, जबडा यांना हात लावायचा नाही. मान वळवायची असेल तर खऱ्यासारखी वळवू नये. सपाट चेहऱ्याला जाडी नसते, त्यामुळे खरं तीन-चतुर्थांश वळण म्हणजे पुन्हा नवा चेहरा काढणं आलं. त्याऐवजी चेहऱ्याची बाहेरची कड तशीच ठेवून डोळे-नाक-तोंड हा सगळा गट 8 घरं बाजूला सरकवायचा आणि पलीकडचा कान झाकायचा. बघणाऱ्याला वळणं पोचतं. यापेक्षा जास्त वळलेलं चित्र गिऱ्हाइकाने मागितलं तर मी नाही म्हणतो, आणि कारणही सांगतो.

रंगाचं सांगायचं तर आधी त्वचेचं सांगतो, कारण इथे आपण चित्रकार मंडळी फार चुकतो. फोटोतून ड्रॉपरने रंग उचलला की तो त्या जागेवरच्या उजेडाचा रंग असतो. बल्बखाली नारिंगी येतो, कपाळाच्या चमकेवर जवळजवळ पांढरा. मग मालकाला बरं वाटेल म्हणून तो आणखी उजळ केला जातो. मी कपाळ, गाल आणि मान अशा तीन जागांहून, सावलीतल्या फोटोवरून रंग उचलतो आणि मधला ठेवतो. काकूंचा आला `#A86B45`. मानेसाठी त्याचीच एक गडद पायरी. काकूंच्या सुनेने "थोड्या गोऱ्या करा ना" म्हटलं होतं. मी दोन्ही चित्रं छापून स्वयंपाकघरात काकूंच्या शेजारी धरली. सून काही बोलली नाही, आणि तपकिरी चित्र पुढे गेलं.

खरी अडचण साडीने केली. पाऊच लाल होतं, `#B3122A`, आणि साडी गडद हिरवी, `#0F6B5C`. पडद्यावर दोघांचं छान भांडण दिसत होतं. पण रंग काढून टाकून नुसता करडेपणा मोजला, 0 म्हणजे काळा आणि 255 म्हणजे पांढरा या मापाने, तर लाल आला 69 आणि हिरवा 78. म्हणजे डोळ्याला लाल-हिरवा भेद कमी कळणाऱ्या माणसासाठी, किंवा दुकानदाराने काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर काढलेल्या ऑर्डरच्या कागदावर, काकूंचं धड पाऊचमध्ये विरघळून गेलं होतं आणि डोकं अधांतरी तरंगत होतं. त्वचा 121 वर होती, म्हणून ती वाचली. साडी बदलायला काकू तयार नव्हत्या, लग्नातली होती. म्हणून मागे फिक्या बदामी रंगाचा गोल दिला. प्रत्येक चित्र रंग घालवून एकदा पाहावं. त्याला मिनिटही लागत नाही.

त्या गोलाला पैसेही लागतात, हे सांगायला हवं. पाऊच रोटोग्रॅव्ह्युअरवर छापत असतील तर प्रत्येक रंगाला वेगळा कोरलेला सिलिंडर असतो. बदामी रंग म्हणजे एक सिलिंडर वाढला. म्हणून शीट करतानाच रंग मोजून पाचावर थांबवले, आणि बदामीला जागा करण्यासाठी मानेची गडद पायरी काढून टाकली. तिच्या जागी जबड्याखाली केसांच्याच रंगाची बारीक रेघ दिली. ती मला आता पहिल्यापेक्षा जास्त आवडते.

शेवटची परीक्षा आकाराची. 50 ग्रॅमच्या पाऊचवर डोक्याला 12 मिलिमीटर जागा होती. 120 घरं 12 मिलिमीटरमध्ये, म्हणजे एक घर मिलिमीटरचा दहावा भाग. चष्म्याची काडी मी 3 घरं जाड काढली होती, ती 0.3 मिलिमीटर झाली आणि छापताना जागोजागी तुटली. 6 घरं केली तेव्हा नीट आली. याच ठिकाणी दुसरीही चूक होते, ती आधी लक्षात येत नाही. काडी नुसती रेघ म्हणून ठेवलेली असेल आणि इलस्ट्रेटरमध्ये `Scale Strokes & Effects` बंद असेल, तर डोकं लहान होतं पण रेघेची जाडी तेवढीच राहते. मोठ्या फलकावर चष्मा तारेसारखा दिसतो, पाऊचवर गॉगलसारखा. प्रेसवाल्याच्या संगणकावर ती सेटिंग काय आहे हे आपल्या हातात नसतं. म्हणून फाइल देण्यापूर्वी सगळ्या रेघांचे आकार करून टाकावेत. इंकस्केपमध्ये `Stroke to Path`, इलस्ट्रेटरमध्ये `Outline Stroke`. मूळ रेघांची फाइल मात्र आपल्याकडे जपून ठेवावी, कारण एकदा आकार झालेली काडी पुन्हा जाड-बारीक करणं वैतागाचं काम आहे.

आणि चित्र ओळखू येतं का, हे स्वतः ठरवू नये. मी डोकं नखाएवढं छापतो आणि मालकाला रोज पाहणाऱ्या, पण या कामाशी संबंध नसलेल्या माणसाला दाखवतो. काकूंच्या वेळी तो त्यांच्या गल्लीतला दूधवाला होता. नंतर एकेक खूण झाकायची. कुंकू झाकलं, ओळखलं. बट झाकली, ओळखलं. चष्मा झाकला तेव्हा तो थांबला, भुवयांकडे बघत राहिला, आणि मग म्हणाला, त्याच हायत्या.

हे पुढे उपयोगी पडलं. गेल्या वर्षी काकूंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि चष्मा सुटला. चित्रातलाही काढायचा का, हा प्रश्न घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. चष्मा वेगळ्या लेयरवर होता, भुवया त्याच्याखाली पूर्ण काढलेल्या होत्या. लेयर बंद केला आणि दोन्ही चित्रं त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी बराच वेळ पाहिली. "पाऊचवर ऱ्हाऊ दे चष्मा," त्या म्हणाल्या, "गिऱ्हाईक तिला वळखतंय. माझ्या कार्डावर नको." आता मॉडेल शीटवर काकूंचं डोकं दोनदा आहे, चष्म्यासह आणि चष्म्याशिवाय. दोन्हींची रुंदी 108, भुवईचं अंतर साडेचार.